पाण्यातले लोह मोजताना: फेनॅन्थ्रोलिन पद्धत आणि तिचा ब्लँक

कोकणात जांभ्याच्या पट्ट्यातल्या अनेक बोअरवेलची एकच तक्रार असते. पाणी उपसले तेव्हा काचेसारखे स्वच्छ असते, बादलीत राहिले की पिवळसर पडते आणि सकाळी तळाला तांबूस गाळ दिसतो. जमिनीखाली ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे तिथे लोह फेरस रूपात विरघळलेले असते आणि त्याला दिसण्याजोगा रंग नसतो. हवा लागली की त्याचे फेरिक होते आणि ते हायड्रॉक्साइड बनून खाली बसते. एकाच बाटलीत लोहाची अशी दोन रूपे असतात, आणि आपल्याला त्यांची बेरीज हवी असते.

ही बेरीज मोजण्याची स्वस्त आणि भरवशाची रीत म्हणजे फेनॅन्थ्रोलिन पद्धत. लाखोंचे यंत्र लागत नाही, ५१० नॅनोमीटरवर चालणारा साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. नव्याने काम शिकणारे विद्यार्थी आणि तंत्रज्ञ कृती दोन दिवसांत आत्मसात करतात. चुकते ते ब्लँकमध्ये, म्हणजे नमुन्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर घेऊन केलेल्या त्याच चाचणीत. लोह सगळीकडे असते: आम्लात, बफरमध्ये, काचेवर, गंजलेल्या स्टँडच्या धुळीत. त्यातले किती नमुन्याचे आणि किती आपले, हे फक्त ब्लँक सांगतो. म्हणून या लेखात कृतीपेक्षा ब्लँकला जास्त जागा दिली आहे.

आधी मर्यादा लक्षात घ्या. आयएस १०५०० : २०१२ या पिण्याच्या पाण्याच्या मानकात लोहाची मर्यादा मुळात लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती १.० मिलिग्रॅम झाली. जुने तक्ते अजून भिंतींवर असतात, तेव्हा अहवालात कोणती मर्यादा लावली ते लिहा.

## १. रंग कसा येतो

फेनॅन्थ्रोलिनचे तीन रेणू एका फेरस आयनाला धरतात आणि नारिंगी-लाल संकुल तयार होते. फेरिक लोह हा रंग देत नाही. म्हणून आधी नमुना आम्लात उकळून बसलेला गाळ विरघळवायचा आणि हायड्रॉक्सिलामाइनने सगळ्या फेरिकचे फेरस करायचे.

```
4 Fe³⁺ + 2 NH₂OH → 4 Fe²⁺ + N₂O + H₂O + 4 H⁺
Fe²⁺ + 3 C₁₂H₈N₂ → [Fe(C₁₂H₈N₂)₃]²⁺
```

एकदा तयार झालेला रंग पीएच ३ ते ९ मध्ये जवळजवळ सारखाच राहतो आणि कित्येक महिने टिकतो. मात्र तो लवकर आणि पूर्ण यावा म्हणून पीएच ३.२ च्या आसपास ठेवतात. बफरचे काम एवढेच, पण ते बिघडले की सगळे बिघडते. त्याविषयी पुढे येईलच.

एक आकडा पाठ करून ठेवा. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये लिटरला १ मिलिग्रॅम लोह असलेले रंगीत द्रावण सुमारे ०.२० शोषण दाखवते. तुमच्या आलेखाचा उतार यापासून फार दूर असेल तर नमुन्याला हात लावण्याआधी प्रमाण द्रावणाची गणिते आणि तरंगलांबी तपासा.

## २. काय काय लागेल

उपकरणे: ५१० नॅनोमीटरचा स्पेक्ट्रोफोटोमीटर, १ सेंटिमीटरच्या जुळत्या क्युव्हेट, १२५ मिलिलिटरचे शंकूपात्र, ५० मिलिलिटरचे व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क, पिपेट, काचेचे मणी, हॉट प्लेट, फ्यूम हूड, पीएच पट्ट्या.

रसायने: कमी लोहाचे संहत हायड्रोक्लोरिक आम्ल, हायड्रॉक्सिलामाइन हायड्रोक्लोराइड, अमोनियम अ‍ॅसिटेट, ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल, १,१०-फेनॅन्थ्रोलिन मोनोहायड्रेट, फेरस अमोनियम सल्फेट, संहत सल्फ्युरिक आम्ल, थोडे पोटॅशियम परमँगनेट आणि चांगले डिस्टिल्ड वॉटर.

कागदपत्रे: नमुन्याची चिठ्ठी (जागा, स्रोत, वेळ, किती पाणी सोडून देऊन भरला, आम्ल किती घातले), द्रावणे बनवल्याच्या तारखांची वही, आणि प्रत्येक रसायनाच्या बाटलीचा लॉट क्रमांक. शेवटची नोंद फालतू वाटते, पण ब्लँक अचानक चढला की तीच कामाला येते.

## ३. काच आधी

सगळी काच साबणाने धुतल्यावर एकास एक पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवा आणि मग डिस्टिल्ड वॉटरने अनेकदा विसळा. शंकूपात्रे आणि मणी या कामासाठी वेगळेच राखा. ज्या पात्रात कालपर्यंत फेरस सल्फेटचे टायट्रेशन चालले होते, ते नुसते विसळून आज वापरू नका.

रसायने काढायला स्टीलचा चमचा नको, प्लॅस्टिकचा घ्या. जवळ गंजलेला ट्रायपॉड किंवा क्लँप असेल तर तो दूर करा. उकळताना पात्राच्या तोंडावरून हवा खेळत असते, त्यात पडलेला गंजाचा एक कण नमुन्याच्या आकड्याएवढे लोह देऊ शकतो.

## ४. द्रावणे

हायड्रॉक्सिलामाइन: १० ग्रॅम हायड्रॉक्सिलामाइन हायड्रोक्लोराइड १०० मिलिलिटर पाण्यात. हे विषारी आहे आणि त्वचेला त्रास देते, हातमोजे घाला.

बफर: २५० ग्रॅम अमोनियम अ‍ॅसिटेट १५० मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि त्यात ७०० मिलिलिटर ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल घाला. वास तिखट असतो, हूडमध्येच करा. चांगल्या प्रतीच्या अमोनियम अ‍ॅसिटेटमध्येही मोजण्याइतके लोह असते. म्हणून बफर नवा बनवला की ब्लँक आणि प्रमाण द्रावणेही नव्याने करायची. मागच्या महिन्याचा आलेख नव्या बफरला चालत नाही.

फेनॅन्थ्रोलिन: १०० मिलिग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात. ८० अंशांपर्यंत गरम करत ढवळले की विरघळते, पण उकळू देऊ नका. दोन थेंब संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घातले तर गरम करावेच लागत नाही. द्रावण गडद झाले की फेका. याचा १ मिलिलिटर साधारण १०० मायक्रोग्रॅम लोहाला पुरतो, आपण ४ मिलिलिटर घालणार आहोत.

लोहाचे मूळ द्रावण: ५० मिलिलिटर पाण्यात २० मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल हळूहळू सोडा. आम्लात पाणी कधीच नाही. त्यात १.४०४ ग्रॅम फेरस अमोनियम सल्फेट, `Fe(NH₄)₂(SO₄)₂·6H₂O`, विरघळवा. पातळ परमँगनेट थेंबथेंब घाला आणि फिकट गुलाबी छटा टिकली की थांबा. मग १ लिटर करा. याच्या १ मिलिलिटरमध्ये २०० मायक्रोग्रॅम लोह असते.

कामाचे द्रावण: मूळ द्रावणाचे ५ मिलिलिटर घेऊन १०० मिलिलिटर करा. आता १ मिलिलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम. हे त्या त्या दिवशी ताजे बनवा, इतके पातळ लोह काचेला चिकटून कमी होते.

## ५. नमुना भरणे

हातपंप किंवा बोअर असेल तर काही मिनिटे पाणी वाहू द्या. पाइपमध्ये रात्रभर साचलेल्या पाण्यात केसिंगचा गंज असतो, आणि पहिल्या बाटलीत तुम्ही जमिनीतले पाणी न मोजता पाइप मोजता. मात्र प्रश्न ‘घरातले लोक सकाळी काय पितात’ असा असेल तर पहिलेच पाणी घेणे योग्य ठरते. काय विचारले आहे ते आधी ठरवा आणि चिठ्ठीवर लिहा.

बाटली आम्लाने धुतलेली हवी. नमुना जागेवरच आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा, नाहीतर लोह गाळ होऊन बाटलीच्या भिंतीला बसते आणि नंतर कितीही हलवले तरी पूर्ण निघत नाही. साध्या विहिरीच्या पाण्याला १०० मिलिलिटरमागे पाव मिलिलिटरच्या आसपास संहत आम्ल पुरते. खात्री पट्टीने करा. घातलेले आम्ल नोंदवा, कारण पुढे बफरला तेही झेलायचे आहे.

‘एकूण लोह’ हवे असेल तर नमुना गाळायचा नाही. प्रयोगशाळेत बाटली जोरात हलवा आणि गाळ तरंगत असतानाच पिपेट भरा.

## ६. उकळणे आणि रंग आणणे

१. हलवलेल्या नमुन्याचे ५० मिलिलिटर शंकूपात्रात घ्या. लोह लिटरला ४ मिलिग्रॅमच्या वर असेल असे वाटले तर कमी घ्या आणि डिस्टिल्ड वॉटरने ५० करा.

२. २ मिलिलिटर संहत हायड्रोक्लोरिक आम्ल, १ मिलिलिटर हायड्रॉक्सिलामाइन आणि दोन-तीन मणी घाला.

३. हूडमध्ये उकळा, आकारमान १५ ते २० मिलिलिटर होईपर्यंत. कोरडे पडू देऊ नका. या उकळण्याने गाळ विरघळतो, सायनाइड आणि नायट्राइट निघून जातात आणि पॉलिफॉस्फेटचे साधे फॉस्फेट होते, जे रंगाला कमी त्रास देते.

४. पूर्ण थंड करा. ५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये घ्या आणि शंकूपात्र थोड्या थोड्या पाण्याने विसळून तेही त्यात घाला. सगळे मिळून ३० ते ३५ मिलिलिटरच्या आत राहू द्या, जागा पुढच्या दोन द्रावणांना हवी.

५. १० मिलिलिटर बफर, मग ४ मिलिलिटर फेनॅन्थ्रोलिन. खुणेपर्यंत पाणी, नीट मिसळा.

६. दहा ते पंधरा मिनिटे थांबून ५१० नॅनोमीटरवर वाचा.

इथे बफरचा मुद्दा. १० मिलिलिटर बफरमधले अ‍ॅसिटेट साधारण २.५ मिलिलिटर संहत आम्ल पचवू शकते, त्यापलीकडे नाही. कृतीतले २ मिलिलिटर आधीच त्याच्या जवळ आहे, हे ध्यानात घ्या. ‘गाळ जास्त आहे, विरघळेल’ म्हणून कुणी ५ मिलिलिटर आम्ल घातले तर पीएच ३ च्या बराच खाली जातो, रंग सावकाश आणि अपुरा येतो आणि आकडा कमी पडतो. ब्लँकमध्ये मात्र काही चुकल्यासारखे दिसत नाही, कारण तिथे रंग यायला लोहच नसते. शंका आली तर रंग आलेल्या द्रावणाचा एक थेंब पीएच पट्टीवर टाका. ३ ते ३.५ असायला हवा.

## ७. ब्लँक: तीन वेगळ्या गोष्टी

नवखा माणूस ‘ब्लँक’ म्हणतो तेव्हा तीनपैकी काहीही असू शकते. त्या वेगळ्या ठेवा.

पाण्याचा शून्य. क्युव्हेटमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालून यंत्राला ०.००० दाखवायला लावणे. यात रसायने नसतात. हे फक्त यंत्र आणि क्युव्हेटपुरते आहे.

अभिकर्मक ब्लँक. नमुन्याऐवजी ५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घ्यायचे आणि क्रमांक १ ते ६ जसेच्या तसे करायचे. तेच आम्ल, तेच मणी, तेच उकळणे, तोच बफर, तेच फेनॅन्थ्रोलिन. हे आपल्या रसायनांनी आणि काचेने आणलेले लोह दाखवते. बरेच जण फ्लास्कमध्ये थेट पाणी, बफर आणि फेनॅन्थ्रोलिन मिसळून त्याला ब्लँक म्हणतात. त्यात आम्लातले लोह सुटते, मण्यांवरचे सुटते, उकळताना पडलेली धूळ सुटते. असा ब्लँक नेहमी सुंदर, कमी आकडा देतो आणि नमुन्याचा आकडा तेवढाच फुगतो. नमुना हॉट प्लेटवर गेला तर ब्लँकही गेला पाहिजे, त्याच दिवशी, त्याच तुकडीत.

रंगाचा ब्लँक. नमुन्याचे दुसरे ५० मिलिलिटर घेऊन सगळी कृती करायची, फक्त फेनॅन्थ्रोलिनऐवजी ४ मिलिलिटर पाणी घालायचे. पालापाचोळ्याचा पिवळेपणा किंवा न विरघळलेली बारीक माती यांचे शोषण यात दिसते. पाणी उकळल्यावरही पिवळसर किंवा धुरकट दिसले तरच हा लागतो.

अभिकर्मक ब्लँक एकच करू नका, तीन करा. तिन्ही एकमेकांजवळ असतील तर सरासरी वापरा. एक वर उडाला असेल तर ते पात्र किंवा मणी दूषित आहेत, आणि त्याच पेटीतल्या पात्रांत तुमचे नमुनेही उकळले आहेत. अशा वेळी उंच ब्लँक वगळून पुढे जाण्यात अर्थ नाही, पात्रे आम्लात टाकून तुकडी पुन्हा करा.

तिन्ही सारखेच वर असतील तर दोष रसायनात किंवा पाण्यात आहे. तो असा शोधा. एका ब्लँकमध्ये बफर १० ऐवजी २० मिलिलिटर घाला. शोषण जेवढे वाढले तेवढा वाटा १० मिलिलिटर बफरचा. दुसऱ्यात आम्ल ४ आणि बफर २० मिलिलिटर घाला, त्यातून आधीचा आकडा वजा केला की २ मिलिलिटर आम्लाचा वाटा कळतो. आम्ल वाढवताना बफर वाढवायलाच हवा, नाहीतर पीएच घसरून वाढ दिसणारच नाही. तिसऱ्यात ५० ऐवजी १०० मिलिलिटर पाणी आटवा, म्हणजे पाण्याचा वाटा कळेल. त्याला मोठे शंकूपात्र घ्यावे लागेल. बहुतेक वेळा दोषी अमोनियम अ‍ॅसिटेट निघते, आणि तेव्हा वहीतला लॉट क्रमांक सांगतो की ब्लँक नेमका कोणत्या बाटलीपासून चढला.

## ८. प्रमाण आलेख

कामाच्या द्रावणाचे ०, १, २, ४, ६ आणि १० मिलिलिटर वेगवेगळ्या शंकूपात्रांत घ्या, पाणी घालून ५० करा आणि नमुन्यासारखेच उकळा. शेवटचे आकारमानही ५० असल्यामुळे हे लिटरला ०, ०.२, ०.४, ०.८, १.२ आणि २.० मिलिग्रॅम झाले. यातला शून्य म्हणजेच अभिकर्मक ब्लँक. तो आलेखाचा भाग आहे, बाहेरचा पाहुणा नाही.

यंत्र पाण्याने शून्य केले तर आकडे साधारण असे येतील:

```
mg/L     A (510 nm)
0.0      0.012
0.2      0.052
0.4      0.091
0.8      0.171
1.2      0.251
2.0      0.409
```

सरळ रेषा बसवली की उतार सुमारे ०.१९९ आणि छेद ०.०१२ येतो. छेद आणि ब्लँकचे वाचन जुळले, म्हणजे सगळ्या पात्रांत सारखेच परके लोह आले आहे. छेद ब्लँकपेक्षा खूप वेगळा असेल तर एखादे प्रमाण द्रावण चुकले आहे किंवा ब्लँक दूषित आहे.

आता सर्वांत जास्त घडणारी गफलत. ब्लँक वजा करण्याच्या दोन रीती आहेत: यंत्र अभिकर्मक ब्लँकनेच शून्य करणे, किंवा यंत्र पाण्याने शून्य करून ब्लँक नंतर वजा करणे. दोन्ही बरोबर आहेत, दोन्ही एकत्र चूक. ज्याने यंत्र ब्लँकने शून्य केले आणि वर समीकरणातला ०.०१२ चा छेदही वजा केला, त्याचा प्रत्येक नमुना लिटरला ०.०६ मिलिग्रॅमने कमी येतो. मी स्वतः पाण्यानेच शून्य करण्याचा आग्रह धरते, कारण मग ब्लँकचा आकडा वहीत दिसतो. ब्लँकने शून्य केले की तो आकडा लपतो, आणि रोज थोडा थोडा चढत असेल तर कुणाच्या लक्षात येत नाही.

## ९. एक नमुना शेवटपर्यंत

वरच्या आलेखावर बोअरवेलचा एक नमुना धरू. ५० मिलिलिटर घेतले, उकळल्यावर किंचित पिवळेपणा राहिला म्हणून रंगाचा ब्लँकही केला. यंत्र पाण्याने शून्य. वाचने: नमुना ०.१७६, तीन अभिकर्मक ब्लँक ०.०११, ०.०१२ आणि ०.०१३, रंगाचा ब्लँक ०.००९.

```
A = 0.176 − 0.012 − 0.009 = 0.155
C = 0.155 / 0.199 = 0.78 mg/L
```

दोन्ही ब्लँक वजा केले, आणि ही दुहेरी वजाबाकी नाही. अभिकर्मक ब्लँकमध्ये रसायनांतल्या लोहाचा नारिंगी रंग आहे. रंगाच्या ब्लँकमध्ये फेनॅन्थ्रोलिन नसल्यामुळे तो नारिंगी येतच नाही, तिथे फक्त पाण्याचा पिवळेपणा आहे. मात्र एक अट आहे: फेनॅन्थ्रोलिन वगळलेली रसायने पाण्यासमोर जवळजवळ शून्य दाखवली पाहिजेत. ते एकदा तपासून ठेवा.

अभिकर्मक ब्लँक विसरलो असतो तर उत्तर ०.८४ आले असते. फरक लहान वाटतो. पण ज्या पाण्यात खरे लोह ०.१० आहे तिथे वाचन ०.०३२ येईल आणि ब्लँक न घेता उत्तर ०.१६ निघेल, म्हणजे दीडपटीहून जास्त. पिण्याचे चांगले पाणी नेमके याच भागात असते.

मग नमुन्याच्या आणखी ५० मिलिलिटरमध्ये कामाचे द्रावण २ मिलिलिटर घालून पुन्हा सगळे करा. हे २० मायक्रोग्रॅम, म्हणजे शेवटच्या ५० मिलिलिटरमध्ये लिटरला ०.४० मिलिग्रॅमची भर. समजा वाचन ०.२५२ आले. दोन्ही ब्लँक काढले की ०.२३१, म्हणजे १.१६. वाढ ०.३८, घातलेले ०.४०, परतफेड ९५ टक्के. हे ठीक आहे. परतफेड ७० टक्क्यांवर आली तर पाण्यात अडथळा आहे किंवा पीएच घसरला आहे, आणि हा दोष कोणताही ब्लँक दाखवू शकत नाही. ब्लँक फक्त वर पडलेले लोह सांगतो, दाबलेला रंग सांगत नाही.

आपल्याकडे अशा अडथळ्याचे एक सरळ कारण जीआय पाइप असते. त्यातून येणारे जस्त लोहाच्या दसपटीहून जास्त असेल तर ते फेनॅन्थ्रोलिन खाऊन टाकते. फेनॅन्थ्रोलिन जास्त घालून पुन्हा करा, आणि ब्लँकमध्येही तेवढेच घाला. लिटरला ५ मिलिग्रॅमहून जास्त तांबे किंवा २ हून जास्त निकेलही त्रास देते, पण घरगुती पाण्यात ते क्वचितच भेटते.

लोह जास्त म्हणून नमुना कमी घेतला असेल तर क्रम सांभाळा. १० मिलिलिटर नमुन्याचे वाचन ०.२५० आले, तर आधी ०.०१२ वजा, मग ०.१९९ ने भाग, मग पाचपट: ५.९८. ब्लँक वजा न करता पाचपट केली तर ६.२८. रसायने पाचपट नव्हती, नमुना पातळ होता, म्हणून ब्लँकला गुणायचे नसते.

## १०. काही बिनसले तर

रंग आलाच नाही आणि पाणी तर तांबूस होते: फेनॅन्थ्रोलिन राहिले, हायड्रॉक्सिलामाइन जुने झाले किंवा पीएच फार खाली गेला. या क्रमाने तपासा.

वाचन मिनिटागणिक चढते: रंग पूर्ण आलेला नाही, बहुधा पीएच कमी आहे. थांबून वाचल्याने दोष झाकतो, जात नाही.

वाचन खाली-वर उड्या मारते: क्युव्हेटमध्ये बुडबुडे किंवा गढूळपणा. द्रावण गरम असतानाच फ्लास्क भरला की असे होते, शिवाय थंड झाल्यावर पातळी खुणेखाली जाते.

जोडनमुने जुळत नाहीत: बाटली हलवण्यात फरक. गाळ बसू दिला की पहिले पिपेट आणि दुसरे पिपेट वेगळे पाणी घेतात.

## ११. अहवाल आणि उरलेले

आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत लिहा, आणि ‘एकूण लोह’ असे स्पष्ट लिहा. सोबत ब्लँकची सरासरी, परतफेडीची टक्केवारी आणि लावलेली मर्यादा. ब्लँकच्या वाचनांचा प्रमाण विचलन ०.००१ असेल तर त्याच्या तिपटीला उताराने भागून साधारण ०.०१५ येते. त्याखाली आकडा न देता ‘आढळ मर्यादेखाली’ लिहा. तीन ब्लँकवरून हा अंदाज ढोबळच असतो, म्हणून बरेच दिवस ब्लँक साठवून तो पुन्हा काढा.

फेनॅन्थ्रोलिन पाण्यातल्या जीवांना घातक आहे. रंगीत द्रावणे सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या डब्यात जमा करून प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात द्या. क्युव्हेट लगेच पातळ आम्लाने आणि मग पाण्याने धुवा, आणि उद्याच्या ब्लँकसाठी लागणारी शंकूपात्रे आजच आम्लात घालून ठेवा.